एका दशांशाचं पत्र

“मावशी, मी ‘झेअर गूट’ आहे की नुसतीच ‘गूट’?”

भाचीचा फोन जर्मनीहून होता आणि तिथे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. मी पुण्यात जर्मन शिकवते, कागदपत्रांची भाषांतरंही करते. त्यामुळे घरातल्या कुणालाही जर्मन कागद कळला नाही की तो माझ्याकडे येतो. हा कागद मात्र तिला कळला होता, आणि तीच तर अडचण होती. तिच्यासमोर एकाच पदवीची दोन गुणपत्रकं होती. दोन्ही तिच्याच विद्यापीठाची, दोन्हींवर तीच तारीख. जर्मन गुणपत्रकावर एकूण श्रेणी होती १,५ आणि पुढे शब्दांत ‘झेअर गूट’, म्हणजे अतिशय चांगली. सोबतच्या इंग्रजी भाषांतरावर होतं १.६ आणि ‘गुड’.

दुसऱ्या देशातल्या एका संशोधन संस्थेत पीएचडीच्या जागेसाठी तिने अर्ज भरायला घेतला होता. अट अशी, की पदव्युत्तर पदवीची एकूण श्रेणी ‘व्हेरी गुड’ हवी. अर्जाला जोडायचं होतं ते इंग्रजी गुणपत्रक. म्हणजे मूळ कागदाप्रमाणे ती पात्र होती आणि भाषांतराप्रमाणे अपात्र.

विद्यापीठाला पाठवायची मेल तिने लिहून ठेवली होती. ती वाचून दाखवायला लागली, “माझ्या श्रेणीवर अन्याय झाला आहे, कृपया माझे गुण पुन्हा तपासावेत...” तिथेच मी तिला थांबवलं. गुण तपासायला सांगशील तर ते गुणच तपासायला घेतील. तुझे गुण बरोबर आहेत. चुकला आहे तो कागद.

हा फरक कळण्यासाठी आधी जर्मन श्रेणी समजून घ्यावी लागते. आपल्याकडे गुण जितके जास्त तितकं चांगलं. जर्मनीत उलटं आहे. तिथे १,० सर्वांत उत्तम, ४,० म्हणजे कसंबसं उत्तीर्ण आणि ५,० म्हणजे नापास. एकेका विषयाला बहुधा १,०, १,३, १,७, २,० अशा ठरलेल्या पायऱ्यांवरचीच श्रेणी मिळते. सगळ्या विषयांची सरासरी काढली की तिला शब्द दिला जातो. १,५ पर्यंत ‘झेअर गूट’. १,६ ते २,५ ‘गूट’ म्हणजे चांगली. २,६ ते ३,५ ‘बेफ्रीडिगेंड’ म्हणजे समाधानकारक. आणि ३,६ ते ४,० ‘आउसरायशेंड’ म्हणजे पुरेशी. आपल्या प्रथम श्रेणी आणि द्वितीय श्रेणीसारखंच हे वर्गीकरण आहे. तिथे अपूर्णांकासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात, म्हणून आपला १.५ त्यांच्याकडे १,५ होतो.

म्हणजे १,५ आणि १,६ यांच्यामध्ये श्रेणीची सीमारेषा जाते, आणि भाचीचे दोन कागद बरोबर या रेषेच्या दोन बाजूंना उभे होते.

मी तिला म्हटलं, “आधी हिशेब कर. कोणता कागद खरा ते आकडेच सांगतील.”

तिची पदवी १२० क्रेडिटची. ढोबळ मांडणी अशी. मुख्य विषय ३६ क्रेडिटचे, त्यांत १,७. ऐच्छिक विषय २४ क्रेडिटचे, त्यांत २,०. प्रकल्प आणि सेमिनार मिळून ३० क्रेडिट, १,३. प्रबंध ३० क्रेडिटचा, त्यालाही १,३. प्रत्येक श्रेणीला तिच्या क्रेडिटने गुणायचं. ३६ गुणिले १,७ म्हणजे ६१,२. २४ गुणिले २ म्हणजे ४८. प्रकल्प-सेमिनारचे ३९ आणि प्रबंधाचे ३९. बेरीज १८७,२. तिला १२०ने भागलं की येतात १,५६.

आता खरा प्रश्न. या १,५६चं काय करायचं? शाळेत शिकल्याप्रमाणे जवळच्या दशांशात आणलं तर १,६ होतात. आणि १,६ म्हणजे ‘गूट’.

पण जर्मन विद्यापीठांच्या परीक्षा नियमावलीत यासाठी सहसा एक ठरावीक वाक्य असतं. सरासरी काढताना स्वल्पविरामानंतरचा फक्त पहिला अंक धरायचा आणि पुढचे सगळे अंक जवळच्या आकड्यात न आणता सोडून द्यायचे. भाचीच्या अभ्यासक्रमाच्या नियमावलीतही ते वाक्य होतं. त्यामुळे १,५६ मधला ६ गळून पडतो आणि १,५ उरतात. नियमाप्रमाणे ती ‘झेअर गूट’. जर्मन कागद बरोबर आणि इंग्रजी चुकीचा.

हा नियम आपल्याला नवा नाही, फक्त आपल्याकडे तो विद्यार्थ्याच्या विरोधात जातो. नेट परीक्षेसाठी खुल्या गटातल्या उमेदवाराला पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के लागतात आणि ते जवळच्या पूर्णांकात न आणता मोजले जातात. ज्याला ५४.९ आहेत तो बाहेर. वरचा अपूर्णांक कापला की आपला विद्यार्थी खालीच राहतो, म्हणून आपल्याला असा नियम कठोर वाटतो आणि कुणी पूर्णांकात आणून दिलं तर ती मेहरबानी वाटते. जर्मनीत आकडा जितका लहान तितका चांगला, त्यामुळे तोच नियम विद्यार्थ्याच्या पारड्यात पडतो. शेपूट कापली की तो वर जातो, जवळच्या अंकात आणलं तर घसरतो. त्यामुळे आपल्याकडच्या सवयीने पाहणाऱ्याला १.५६चे १.६ होणं अगदी स्वाभाविक, किंबहुना सढळ हाताचं वाटेल. तिथे मात्र ती एका श्रेणीची घसरण असते.

मग भाषांतरात चूक शिरली कशी? तिने पुढे कार्यालयात विचारलं तेव्हा कळलं, की इंग्रजी प्रत कुणी माणूस बसून भाषांतरित करत नाही. परीक्षांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतून ती छापली जाते. शब्दांचं भाषांतर आधीच साच्यात भरलेलं असतं. जर्मन साच्यात सरासरीची शेपूट कापली जात होती. इंग्रजी साचा मात्र तीच सरासरी घेऊन जवळच्या दशांशात आणत होता आणि मग त्या आकड्यावरून शब्द उचलत होता. आकडा १.६ झाला, म्हणून शब्द आपोआप ‘गुड’ झाला.

ही चूक सहज सापडत नाही, याचं कारणही इथेच आहे. इंग्रजी कागद एकटा वाचला तर त्यात काहीच खटकत नाही. १.६ आणि ‘गुड’ एकमेकांशी अगदी जुळतात. आकडा १.५ आणि शब्द ‘गुड’ असं असतं, तर कुणाच्याही नजरेत आलं असतं. स्वतःशी सुसंगत असलेली चूक मूळ कागद शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. म्हणून भाषांतरित गुणपत्रक हातात आलं की दोन कागद शेजारी ठेवून एकूण श्रेणीचा आकडा आणि शब्द आधी जुळवावेत. विषयांची नावं नंतर पाहिली तरी चालतात.

आता ही तक्रार नेमकी कुठल्या दारात न्यायची, हे ठरवायचं होतं. आपल्याकडे गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन यांतला फरक विद्यार्थ्यांना पाठ असतो. पहिल्यात बेरीज तपासतात, दुसऱ्यात उत्तरपत्रिका नव्याने तपासली जाते. जर्मनीतही दोन वाटा आहेत. परीक्षेचा निर्णयच मान्य नसेल तर त्याविरुद्ध हरकत घ्यायची. तिला मुदत असते, बऱ्याच ठिकाणी एक महिन्याची, आणि प्रकरण परीक्षा मंडळासमोर जातं. निर्णय मान्य आहे, पण तो कागदावर चुकीचा उतरला आहे, असं असेल तर फक्त दुरुस्ती मागायची. तिथल्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याच्या कलम ४२मध्ये याची तरतूद आहे. लेखनातली, आकडेमोडीतली किंवा तशा प्रकारची उघड चूक कार्यालय केव्हाही दुरुस्त करू शकतं. संबंधित व्यक्तीचं त्यात रास्त हित असेल तर ती दुरुस्त करावीच लागते. आणि दुरुस्तीसाठी कार्यालय तो चुकलेला कागद परत मागवू शकतं. हा कायदा केंद्राचा आहे. विद्यापीठं राज्यांच्या अखत्यारीत येतात, पण राज्यांच्या कायद्यांतही हीच तरतूद आहे.

भाचीने आपली पहिली मेल पाठवली असती तर ती हरकत समजली गेली असती. मुदत, मंडळ, बैठक असं सगळं सुरू झालं असतं आणि तिकडे अर्जाची शेवटची तारीख निघून गेली असती.

तिच्याकडे आणखी एक पुरावा होता आणि तो तिने उघडूनही पाहिला नव्हता. युरोपातल्या पदवीबरोबर ‘डिप्लोमा सप्लिमेंट’ नावाचं एक जोडपत्र मिळतं. परदेशातल्या वाचकाला पदवी समजावी म्हणून ते ठरावीक आठ भागांत लिहिलेलं असतं. त्यातला ४.५ हा मुद्दा पदवीच्या एकूण श्रेणीचा, आणि ती मूळ भाषेतच द्यायची असा तिथला संकेत आहे. म्हणजे बाकी मजकूर इंग्रजीत असला तरी तिथे ‘झेअर गूट’ हे शब्द जर्मनमध्येच असायला हवेत. श्रेणीचा शब्द भाषांतरात बदलू शकतो, हे ज्यांनी हा नमुना ठरवला त्यांना ठाऊक असणार. भाचीने पीडीएफ उघडली. ४.५ समोर लिहिलं होतं: झेअर गूट, १,५. विद्यापीठाचाच दुसरा अधिकृत कागद तिच्या बाजूने बोलत होता.

मग आम्ही पत्र लिहायला बसलो. ती तिकडे, मी इकडे. खरं पत्र जर्मनमध्ये गेलं. मराठीत ते साधारण असं होतं:

*प्रति, परीक्षा विभाग*

*विषय: पदव्युत्तर गुणपत्रकाच्या इंग्रजी भाषांतरातील एकूण श्रेणीची दुरुस्ती (विद्यार्थी क्रमांक, अभ्यासक्रम, पदवीची तारीख)*

*महोदया, महोदय,*

*माझ्या जर्मन गुणपत्रकावर एकूण श्रेणी ‘१,५, झेअर गूट’ अशी आहे. त्याच तारखेच्या इंग्रजी भाषांतरावर ती ‘१.६, गुड’ अशी छापली गेली आहे. डिप्लोमा सप्लिमेंटमध्ये मुद्दा ४.५ समोर ‘झेअर गूट, १,५’ अशी नोंद आहे.*

*क्रेडिटनुसार माझी सरासरी १,५६ येते. परीक्षा नियमावलीप्रमाणे पहिल्या दशांश स्थळानंतरचे अंक सोडून द्यायचे असतात, म्हणून १,५ ही श्रेणी बरोबर आहे. इंग्रजी प्रतीत सरासरी जवळच्या दशांशात आणली गेली असावी, असे दिसते.*

*परीक्षांच्या मूल्यमापनाविषयी माझी काहीही हरकत नाही. इंग्रजी भाषांतरातील आकडा आणि श्रेणी मूळ गुणपत्रकाप्रमाणे करून दुरुस्त प्रत द्यावी, एवढीच विनंती आहे. चुकलेली प्रत मी आपल्या सूचनेप्रमाणे परत करेन.*

*संशोधनपदाच्या अर्जासाठी ही प्रत मला या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत हवी आहे. तोपर्यंत प्रत तयार होणार नसेल, तर मूळ श्रेणी १,५ असल्याचे एका ओळीचे पत्र मिळावे.*

*सोबत: दोन्ही गुणपत्रके, डिप्लोमा सप्लिमेंट, नियमावलीतील संबंधित कलमाचे पान.*

एवढंच. दुसऱ्या परिच्छेदात नियम आला, पण तो कायद्याचा बडगा म्हणून आला नाही. कलम ४२चा उल्लेख आम्ही मुद्दाम टाळला. पहिल्याच पत्रात कायदा काढला की कार्यालयातली व्यक्ती उत्तर देण्याआधी वरिष्ठांना विचारते. परीक्षा नियमावलीचं पान मात्र जोडलं, कारण आपलीच नियमावली समोर आली की पुढचा शोध घ्यावा लागत नाही. पत्र विद्यापीठाच्याच मेल खात्यावरून गेलं. खाजगी पत्त्यावर गुणांविषयी उत्तर द्यायला तिथली कार्यालयं गोपनीयतेमुळे कां-कू करतात.

‘माझी काहीही हरकत नाही’ हे वाक्य भाचीला आधी नको होतं. तिला ते पडतं घेतल्यासारखं वाटलं. पण सगळ्या पत्राचं वजन त्याच वाक्यात आहे. ते वाचलं की लिपिकाला कळतं, हे प्रकरण मंडळाकडे न्यायचं नाही, माझ्या टेबलावरच मिटणार आहे.

आणखी एक मोह तिला झाला होता. मसुद्यात तिने लिहिलं होतं, ‘भारतीय पद्धतीने ही श्रेणी प्रथम श्रेणी विशेष प्रावीण्यासह अशी नमूद करावी.’ ते मी काढायला लावलं. विशेष प्रावीण्य ही आपल्या विद्यापीठांची श्रेणी आहे, तिची टक्केवारी ठरलेली आहे. जर्मन विद्यापीठ ती देत नाही आणि देऊही शकत नाही. शिवाय तिथल्या काही विद्यापीठांत ‘झेअर गूट’च्याही वरची ‘प्रावीण्यासह’ अशी एक वेगळी नोंद असते. ‘झेअर गूट’ला विशेष प्रावीण्य म्हटलं, तर एक चूक काढून तिच्या जागी दुसरी बसवल्यासारखं झालं असतं. भाषांतर मूळ कागदाइतकंच बोलावं. दोन देशांच्या श्रेण्यांची तुलना करणं हे ज्याला तो कागद स्वीकारायचा आहे त्याचं काम.

एक गोष्ट तिने विचारलीही नाही, पण मी सांगून ठेवली. पीडीएफमध्ये आपण होऊन १.६चे १.५ करायचे नाहीत. आकडा खरा असला तरी कागद खोटा ठरतो, आणि बनावट दस्तऐवज हा तिथेही गुन्हा आहे, इथेही.

हेच भाषांतर विद्यापीठाने दिलेलं नसून बाहेरून करून घेतलेलं असतं, तर पत्राचा पत्ता बदलला असता. जर्मनीत न्यायालयाने शपथ दिलेले भाषांतरकार असतात. भाषांतर मूळ दस्तऐवजाबरहुकूम असल्याचं ते आपल्या सही-शिक्क्यानिशी प्रमाणित करतात. त्यांच्या प्रतीत चूक असेल तर विद्यापीठ काहीच करू शकत नाही, भाषांतरकारालाच नवी प्रमाणित प्रत द्यावी लागते. आपल्याकडचे विद्यार्थी अनेकदा इथे चुकतात. श्रेणी चुकली म्हणून थेट विद्यापीठाला लिहितात, आणि आठवडाभराने उत्तर येतं, की हा कागद आमचा नाही. म्हणून पत्र लिहिण्याआधी कागदाच्या तळाशी शिक्का कुणाचा आहे ते पाहावं.

भाचीच्या पत्राला तीन दिवसांनी उत्तर आलं. दोनच ओळी होत्या. चूक मान्य आहे, जुनी प्रत टपालाने परत पाठवा, नवी प्रत तयार आहे. जुनी प्रत पोचल्यावर नवी आली. त्यात बाकी एक अक्षरही बदललेलं नव्हतं. १.६च्या जागी १.५ आणि ‘गुड’च्या जागी ‘व्हेरी गुड’. अर्ज मुदतीत गेला.

पण उत्तराखाली लिपिकाने आणखी एक प्रश्न टाकला होता, तुमच्या वर्गात इतर कुणाला असं झालं आहे का? भाचीने वर्गमित्रांना गुणपत्रकं पाहायला सांगितली. चौघांच्या इंग्रजी प्रतीत आकडा एका दशांशाने वाढलेला निघाला. एकाचे २,२८ होते, मूळ कागदावर २,२ आणि इंग्रजीत २.३. दोन्हीकडे शब्द मात्र ‘गूट’ आणि ‘गुड’च राहिला, म्हणून त्याने कधी दोन कागद शेजारी ठेवलेच नव्हते. दुसऱ्या दशांश स्थळी ५ ते ९ मधला अंक असलेल्या प्रत्येकाचा आकडा या साच्याने वाढवला होता. शब्द बदलला तो फक्त सीमारेषेला टेकलेल्यांचा: १,५५च्या पुढे, २,५५च्या पुढे, ३,५५च्या पुढे असलेल्यांचा. आणि त्या वर्गात सीमारेषेला टेकून उभी होती ती एकटी भाची.

तिने ती यादी परीक्षा विभागाला पाठवली. या वेळच्या मेलमध्ये विनंतीसुद्धा नव्हती. चार विद्यार्थी क्रमांक, प्रत्येकासमोर दोन आकडे, आणि शेवटी एक ओळ: साचा एकदा पाहावा.